७५ ओहमची केबल, ५० ओहमचा रेडिओ: परावर्तन समजून घेऊन एसडब्ल्यूआर मीटर कसा वाचावा

हौशी रेडिओचा परवाना हातात आला, गच्चीवर दोन मीटर बँडचा अँटेना उभा राहिला, आणि केबल म्हणून घरात पडून असलेली डिश टीव्हीची आरजी-६ लावली. मीटरवर एसडब्ल्यूआर १.१ दिसला. मग केबल जरा लांब वाटली म्हणून अर्धा मीटर कापली, तर तोच मीटर २ दाखवायला लागला. अँटेनाला कुणी हातही लावलेला नाही. अशा वेळी नवखा माणूस अँटेनाच्या दांड्या कमी-जास्त करत बसतो आणि दिवस वाया घालवतो, कारण दोष अँटेनात नसतोच.

हा लेख नेमका त्या प्रसंगासाठी आहे. पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: मीटर जिथे जोडला आहे फक्त तिथली परिस्थिती तो सांगतो, आणि तीही ५० ओहमशी तुलना करून. केबलच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय, हे त्या आकड्यावरून आपल्याला काढावं लागतं.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. १४५ मेगाहर्ट्झ, ५ वॅटचा रेडिओ, ५० ओहमच्या जवळपास बसणारा ग्राउंड प्लेन अँटेना (पाव तरंगलांबीची उभी दांडी, खालचे रेडियल साधारण ४५ अंशांत झुकवलेले) आणि गच्चीपासून खोलीपर्यंत २० मीटर केबल.

हाताशी काय हवं

- १४५ मेगाहर्ट्झला चालणारा एसडब्ल्यूआर मीटर. फक्त एचएफसाठी बनवलेला मीटर इथे खोटे आकडे देतो, म्हणून मागची पट्टी वाचूनच घ्या.
- ५० ओहमचा डमी लोड, शक्यतो दोन.
- बीएनसीचा एक टी आणि लागतील ते अ‍ॅडॅप्टर. आरजी-६ ला एफ कनेक्टर बसतो, त्यामुळे एफवरून बीएनसी किंवा एसएमए करणारा जोड लागेलच.
- नॅनोव्हीएनए, म्हणजे वारंवारतेनुसार इम्पिडन्स आणि परावर्तन मोजणारं छोटं उपकरण, असेल तर उत्तम. नसलं तरी पायरी १ चा काही भाग आणि पायरी ६ व ८ मधली ऱ्हासाची मोजणी सोडून बाकी सगळं जमतं.
- मीटरटेप, मार्कर, वही.
- हौशी रेडिओचा वैध परवाना. चाचणीसाठी सोडलेला सिग्नलही प्रक्षेपणच असतो. आधी वारंवारता मोकळी आहे का ते ऐका, आपला कॉलसाइन सांगा, आणि शक्य तेवढं काम डमी लोडवर उरका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत कनेक्टर आणि अ‍ॅडॅप्टर मिळून जातात. मात्र केबल घेताना दुकानदाराच्या ‘सगळी सारखीच’ या शब्दावर जाऊ नका. आवरणावरची छपाई स्वतः वाचा.

## १. आधी केबल किती ओहमची आहे ते ठरवा

मल्टिमीटर लावून ५० किंवा ७५ ओहम दिसतील अशी अपेक्षा असेल तर ती सोडून द्या. मधली तार आणि जाळी यांत मल्टिमीटर लावला की तो ‘जोड नाही’ असंच दाखवणार, आणि तसंच दाखवायला हवं. केबलचा आकडा म्हणजे तिच्यातून धावणाऱ्या लाटेतला व्होल्टेज आणि करंट यांचं प्रमाण. मधल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधलं प्लास्टिक यांवरून ते ठरतं. डीसी मोजणीत ते दिसत नाही.

पहिला पुरावा म्हणजे आवरणावरची छपाई. आरजी-६, आरजी-५९ आणि आरजी-११ या ७५ ओहमच्या. आरजी-५८, आरजी-२१३ आणि आरजी-८ या ५० ओहमच्या किंवा त्याच्या अगदी जवळच्या. छपाई पुसली असेल किंवा केबल जुनी असेल तर नॅनोव्हीएनएने खात्री करून घ्या:

1. केबलचा साधारण २ मीटरचा तुकडा घ्या आणि लांबी सेंटिमीटरपर्यंत मोजा.
2. ज्या अ‍ॅडॅप्टरला केबल जोडणार त्याच्या टोकापाशी `OPEN`, `SHORT`, `LOAD` असं कॅलिब्रेशन करा. अ‍ॅडॅप्टर नंतर जोडला तर मोजणी तेवढी सरकते.
3. केबलचं दुसरं टोक उघडं ठेवून, ज्या सर्वांत खालच्या वारंवारतेला रिअ‍ॅक्टन्स शून्यावर येतो आणि रोधही जवळजवळ शून्य दिसतो, ती शोधा. तिथे तुकडा पाव तरंगलांबीचा असतो.
4. आता बरोबर तिच्या निम्म्या वारंवारतेला जा. तिथे दिसणारा रिअ‍ॅक्टन्स, त्याचं उणे चिन्ह सोडून, हाच केबलचा इम्पिडन्स.

२ मीटर फोमवाल्या आरजी-६ वर पाव तरंगाची जागा ३१ मेगाहर्ट्झच्या आसपास सापडते आणि १५.५ मेगाहर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स साधारण उणे ७५ दिसतो. याच मोजणीतून लाटेचा केबलमधला वेगही निघतो, आणि तो पायरी ५ मध्ये लागणार आहे:

```
VF = 4 × L × f / 299.8
L = मीटर, f = मेगाहर्ट्झ
4 × 2 × 31.1 / 299.8 = 0.83
```

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. नॅनोव्हीएनए जोडलेल्या केबलवर रेडिओचं बटण कधीही दाबू नका. काही वॅटचा एक झटका त्याचं इनपुट जाळायला पुरेसा आहे. गच्चीवरून आलेली केबल त्याला जोडण्यापूर्वी मधली तार क्षणभर जाळीला टेकवून साचलेला स्थिर भार काढून टाका.

## २. परावर्तन नेमकं कुठे आणि किती होतं

रेडिओतून निघालेली लाट आरजी-६ मध्ये ७५ ओहमच्या प्रमाणात व्होल्टेज आणि करंट घेऊन धावते. अँटेनाशी पोचल्यावर तिथे ५० ओहमचं प्रमाण हवं असतं. एकाच जागी दोन वेगळी प्रमाणं खरी असू शकत नाहीत, म्हणून लाटेचा थोडा भाग उलटा फिरतो आणि पुढे गेलेली व परत आलेली लाट मिळून अँटेनाच्या टोकाशी ५० ओहमचा हिशेब जुळवतात. परत फिरणारं व्होल्टेज किती, ते असं काढतात:

```
Γ   = (ZL − Z0) / (ZL + Z0) = (50 − 75) / (50 + 75) = −0.2
SWR = (1 + |Γ|) / (1 − |Γ|) = 1.2 / 0.8 = 1.5
```

म्हणजे अँटेनाशी पोचलेल्या व्होल्टेजचा पाचवा भाग परत येतो. शक्तीत बोलायचं तर ०.२ चा वर्ग, ४ टक्के. पोचलेल्या दर १०० भागांतले ९६ भाग पहिल्याच फेरीत अँटेनात जातात. १.५ या आकड्याची अनेकांना धास्ती असते, पण त्यामागचं नुकसान एवढंच आहे.

केबलवर पुढची आणि परतीची लाट एकत्र असल्यामुळे काही ठिकाणी त्यांची व्होल्टेज एकमेकांत मिळतात, काही ठिकाणी वजा होतात. मोठ्यात मोठं आणि लहानात लहान व्होल्टेज यांचं गुणोत्तर म्हणजेच एसडब्ल्यूआर. जिथे व्होल्टेज मोठं तिथे करंट लहान, त्यामुळे त्या जागी केबलमध्ये ‘डोकावलं’ तर जास्त ओहम दिसतात. तिथून पाव तरंग सरकलं की चित्र उलटं होतं. आपल्या उदाहरणात अँटेनाशी ५० ओहम आहेत, तर तिथून पाव तरंग मागे ७५ × ७५ ÷ ५०, म्हणजे ११२.५ ओहम दिसतील. आणखी पाव तरंग मागे आलं की पुन्हा ५०.

सुरुवातीचं कोडं इथेच सुटतं. केबल कुठे संपते त्यावर रेडिओला ५० दिसणार, ११२ दिसणार की मधलं काही, हे ठरतं.

## ३. मीटर वाचण्यापूर्वी मीटर तपासा

मीटर रेडिओच्या लगेच नंतर, छोट्या ५० ओहमच्या तुकड्याने जोडा. दोन्ही बाजू उलट जोडल्या तर पुढची शक्ती परतीच्या काट्यावर दिसते, म्हणून `TX` आणि `ANT` नीट पाहून घ्या.

एक काट्याच्या मीटरवर आधी बटण `FWD` ला ठेवायचं, रेडिओ चालू करून `CAL` ची चकती फिरवत काटा शेवटच्या खुणेवर आणायचा, मग `REF` ला टाकून एसडब्ल्यूआरची पट्टी वाचायची. रेडिओची शक्ती किंवा बँड बदलला की `CAL` पुन्हा करायचं. हे विसरल्यामुळे चुकलेले आकडे फार दिसतात. दोन काट्यांच्या मीटरवर एक काटा पुढची शक्ती दाखवतो, दुसरा परतीची, आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथली वक्र रेघ म्हणजे एसडब्ल्यूआर. छापलेल्या रेघेवर विसंबायचं नसेल तर दोन्ही शक्ती वाचा आणि गणित करा:

```
|Γ| = √(परतीची शक्ती / पुढची शक्ती)
5 W पुढे, 0.2 W परत:  √0.04 = 0.2  →  SWR 1.5
```

आता मीटर खरं बोलतो का, ते पाहा. `ANT` ला थेट एक ५० ओहमचा डमी लोड लावा. आकडा १.१ च्या आत हवा. मग टी लावून दोन डमी लोड समांतर जोडा. २५ ओहम झाले, म्हणजे मीटरने २ दाखवायला हवेत. फक्त पहिली चाचणी पुरत नाही, कारण परतीची बाजू बंद पडलेला मीटरही १.० च दाखवतो. दुसऱ्या चाचणीत तो पकडला जातो.

कमी शक्तीवर स्वस्त मीटर परतीची शक्ती कमी दाखवतात. आतल्या डायोडला वाहायला काही व्होल्टेज लागतं आणि परतीचा सिग्नल त्याखाली राहिला तर काटा हलतच नाही. त्यामुळे अर्ध्या वॅटवर १.० आणि पाच वॅटवर १.५ असं दिसलं तर पाच वॅटचा आकडा धरा.

## ४. डमी लोडने केबलची परीक्षा घ्या

अँटेना काढा आणि केबलच्या गच्चीकडच्या टोकाला डमी लोड लावा. आता दूरच्या टोकाला काय आहे हे पक्कं माहीत आहे, त्यामुळे मीटर जे काही वेगळं दाखवेल ते केबलचं आणि जोडांचं.

केबल ५० ओहमची आणि जोड चांगले असतील तर १४४, १४५ आणि १४६ मेगाहर्ट्झला आकडा १.१ च्या आसपास स्थिर राहील. केबल आरजी-६ असेल तर आकडा लांबीप्रमाणे कुठेही पडेल. केबल अगदी आखूड असेल, म्हणजे तिच्यात शक्ती फारशी हरवत नसेल, तर सीमा १.० ते २.२५ अशी असते. आपल्या २० मीटरमध्ये साधारण १.३ डेसिबल हरवतात आणि परतीची लाट तो रस्ता दोनदा चालते, म्हणून सीमा आक्रसून १.१ ते २.० अशी होते.

वारंवारतेबरोबर आकडा कसा हलतो तेही बघा. २० मीटर आरजी-६ वर हा चढ-उतार दर ६.२ मेगाहर्ट्झला पुन्हा येतो, म्हणजे तळापासून शिखरापर्यंत जेमतेम ३.१ मेगाहर्ट्झ. १४४ ते १४६ या दोन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही तो ठळक दिसू शकतो. २ मीटरच्या तुकड्यावर मात्र तोच चक्राकार बदल ६२ मेगाहर्ट्झमध्ये पसरतो, त्यामुळे बँडभर आकडा जवळजवळ सारखाच राहतो आणि केबल निर्दोष असल्याचा भास होतो.

नवख्यांकडून अँटेना सगळ्यात जास्त बिघडतो तो इथेच. शिकवलेलं असतं की एसडब्ल्यूआरचा तळ १४४ ला असेल तर अँटेना लांब आहे, १४६ ला असेल तर आखूड आहे. हा नियम बरोबर आहे, पण केबल ५० ओहमची असेल किंवा मीटर थेट अँटेनाच्या पायाशी असेल तेव्हाच. २० मीटर आरजी-६ मधून पाहताना तो तळ केबलचा असू शकतो. डमी लोड लावूनही तळ त्याच जागी येत असेल तर अँटेनाला कात्री लावू नका. कापलेली दांडी परत वाढत नाही.

अँटेना जुळवायचा असेल तर सरळ गच्चीवर जा आणि मीटर किंवा नॅनोव्हीएनए अँटेनाच्या कनेक्टरला एका हातभर ५० ओहमच्या तुकड्याने जोडून मोजा. उभी दांडी साधारण ४९ सेंटिमीटरला १४५ वर बसते. रेडियल आडवे असतील तर अँटेना ३६ ओहमच्या आसपास दिसतो, आणि ते हळूहळू खाली झुकवत गेलं की ५० कडे सरकतो. एकदा इथे १.२ च्या आत आला की अँटेनाचं काम संपलं. खाली खोलीत काहीही दिसलं तरी त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

## ५. आरजी-६ ठेवायची असेल तर तिची लांबी जुळवा

अर्ध्या तरंगाच्या पटीत कापलेली केबल दूरच्या टोकाचे ओहम जसेच्या तसे या टोकाला दाखवते, मग ती ७५ ची का असेना. १४५ मेगाहर्ट्झला, वेगाचा गुणक ०.८३ धरून, केबलमधला अर्धा तरंग ८५.८ सेंटिमीटरचा होतो. त्याच्या २३ पटी म्हणजे १९.७४ मीटर.

पण कागदावर हिशेब करून १९.७४ मीटर कापू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोम आरजी-६ चा गुणक ०.८२ ते ०.८५ असा फिरतो, आणि २० मीटर लांबीत एवढ्याशा फरकाने योग्य जागा ७० सेंटिमीटरने सरकते. पाव तरंगाची चूक झाली की सर्वांत चांगल्याऐवजी सर्वांत वाईट लांबी हाती येते, आणि पाव तरंग म्हणजे फक्त ४३ सेंटिमीटर. पायरी १ मध्ये स्वतःच्या केबलवर मोजलेला गुणक वापरून लांबीचा अंदाज बांधा, केबल त्याहून अर्धा मीटर जास्त ठेवा आणि पुढचं काम मोजून करा:

1. दूरच्या टोकाला डमी लोड, या टोकाला मीटर.
2. ५ सेंटिमीटर कापा, कनेक्टर बसवा, १४५ ला मोजा, वहीत लिहा.
3. आकडा आधी वाढत असेल तर घाबरू नका, तो शिखर ओलांडून खाली येईल. आणखी ४३ सेंटिमीटरच्या आत तळ सापडतोच.
4. तळ सापडला की थांबा.

दर वेळी नवा एफ कनेक्टर वाया घालवायचा नसेल तर मुख्य केबल तशीच ठेवा आणि १०, २० व ३० सेंटिमीटरचे जोडतुकडे त्याच आरजी-६ चे करून एकेक लावून पाहा. जो तुकडा सर्वांत कमी आकडा देईल त्या लांबीचा कायमचा जोड करा.

ही युक्ती एकाच बँडपुरती आहे. सत्तर सेंटिमीटर बँडवर, म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झला, १४५ ची तिप्पट होत असल्याने तत्त्वतः तीच लांबी चालायला हवी. पण तिथे २० मीटरमध्ये ६९ अर्धे तरंग बसतात आणि मोजमापातली छोटी चूकही तिप्पट होते, म्हणून वेगळी मोजणी केल्याशिवाय गृहीत धरू नका.

लांबी जुळवल्याने रेडिओला ५० ओहम दिसतात एवढंच. केबलच्या आत एसडब्ल्यूआर १.५ होता तो १.५ च राहतो. रेडिओजवळ ट्यूनर लावला तरी हेच: तो रेडिओचं समाधान करतो, केबलवरच्या उभ्या लाटा हटवत नाही.

आरजी-६ च्या जोडांबद्दल थोडं. तिची जाळी बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिला कथील धरत नाही. पीएल-२५९ ओढूनताणून सोल्डर केलेला जोड सुरुवातीला चालतो आणि मग जाळी सैल होऊन आकडे उड्या मारू लागतात. दाबून बसणारा कॉम्प्रेशन एफ कनेक्टर आणि त्यावर अ‍ॅडॅप्टर, हाच टिकणारा मार्ग.

## ६. कमी एसडब्ल्यूआरवर लगेच विश्वास ठेवू नका

आता तीच २० मीटर लांबी, पण केबल पातळ आरजी-५८. ही ५० ओहमची, म्हणजे जुळणी ‘बरोबर’. पण १४५ मेगाहर्ट्झला तिच्यात १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल हरवतात, म्हणजे २० मीटरमध्ये ४ डेसिबल. पाच वॅटमधले दोन वॅट वर पोचतात.

समजा अँटेना खराब आहे आणि त्याचा खरा एसडब्ल्यूआर ३ आहे. म्हणजे पोचलेल्या शक्तीचा पाव भाग परत फिरतो. हिशेब असा चालतो: दोन वॅट पोचले, अर्धा वॅट परत निघाला, परतीच्या वाटेवर पुन्हा ४ डेसिबल गमावून ०.२ वॅट मीटरपाशी आला. मीटरला पुढे ५ आणि मागे ०.२ दिसले, त्याने १.५ दाखवला. वर ३ असलेला एसडब्ल्यूआर खाली १.५ झाला, आणि खोलीतला माणूस खूश.

याहून टोकाचं उदाहरण घ्या. अँटेना तुटून पडला आणि केबलचं टोक उघडं राहिलं. पोचलेले दोन्ही वॅट परत फिरतात, खाली ०.८ वॅट येतात, आणि मीटर २.३ च्या आसपास दाखवतो. अँटेना नसताना ‘जरा जास्त आहे, पण चालेल’ असा आकडा.

म्हणून केबलचा ऱ्हास माहीत असल्याशिवाय खोलीतल्या आकड्याला अर्थ नाही. तो काढायला वरचं टोक उघडं ठेवून नॅनोव्हीएनएवर `LOGMAG` पाहा. उणे ८ दिसले तर ये-जा मिळून ८, म्हणजे एका बाजूचे ४ डेसिबल. आरजी-६ वर हीच मोजणी करताना रेघ लाटेसारखी वरखाली होते, कारण उपकरण ५० ओहमचं आहे. तिथे लगतच्या शिखर आणि दरीच्या मधला आकडा घ्या.

आता दोन केबल शेजारी ठेवा. आरजी-६ वर, जुळणी चुकीची असूनही आणि लांबी अजिबात न जुळवता, ५ वॅटमधले सव्वातीन ते साडेतीन वॅटच्या आसपास अँटेनात जातात. आरजी-५८ वर, सगळं जुळलेलं असताना, दोनच. १४५ मेगाहर्ट्झला आणि या लांबीला मी बेधडक आरजी-६ निवडेन. आरजी-२१३ किंवा तशी जाड ५० ओहमची केबल परवडत असेल तर प्रश्नच नाही, पण ‘७५ ओहम म्हणजे चालणारच नाही’ असं म्हणून पातळ आरजी-५८ विकत आणणं हा तोट्याचा सौदा आहे.

आखूड लांबीत हे बदलतं. गाडीतल्या तीन मीटरला आरजी-५८ चा ऱ्हास अर्ध्या डेसिबलहून थोडाच जास्त असतो, तिथे ती निःसंकोच वापरा.

## ७. आकडा हाताने हलतो का ते पाहा

मीटर चालू असताना केबल मुठीत धरा, जमिनीवरून उचला, गुंडाळी सोडा. आकडा हलला तर ते केबलच्या आतलं परावर्तन नाही. जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून करंट खाली वाहतोय आणि केबलच अँटेनाचा भाग झाली आहे. ५० ओहमच्या चांगल्या केबलची लांबी बदलल्यावर एसडब्ल्यूआर बदलत असेल तर पहिला संशय यावरच घ्या. केबलमधल्या ऱ्हासामुळे लांबीबरोबर आकडा हळूहळू कमी होतो, पण अर्ध्या मीटरने वरखाली होत नाही.

इलाज अँटेनाच्या पायाशी करायचा असतो: व्हीएचएफला चालणारे फेराइटचे मणी केबलवर ओळीने चढवा. ग्राउंड प्लेनला केबल रेडियलच्या मधून सरळ खाली न्या. डायपोल असेल तर ती दांड्यांना काटकोनात काही अंतर बाहेर काढा. हे दुरुस्त होईपर्यंत पायरी ४ आणि ५ चे आकडे धरू नका.

डायपोलचा विषय निघालाच आहे तर: मोकळ्या जागेतला अर्ध-तरंग डायपोल ७० ओहमच्या आसपास असतो. त्याला आरजी-६ जोडली तर केबलवर जवळजवळ परावर्तनच नाही, आणि तरीही खोलीतला ५० ओहमचा मीटर कुठल्याही लांबीला १.४ ते १.६ दाखवतो. इथे लांबी जुळवायचा खटाटोप करू नका, त्याने काहीही बदलणार नाही. सगळी विजोड रेडिओच्या कनेक्टरपाशी आहे आणि रेडिओ ती सहज सोसतो.

## ८. कोणत्या आकड्याला काय करायचं

खोलीतला आकडा १.५ पर्यंत असेल आणि केबलचा ऱ्हास ठाऊक असेल तर सोडून द्या. १.५ ते २ ला बहुतेक रेडिओ पूर्ण शक्ती देतात. २ च्या वर अनेक ट्रान्झिस्टर रेडिओ स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करू लागतात, आणि काही हँडहेल्डमध्ये हे संरक्षण नसतं, म्हणून तिथे लांबी जुळवा किंवा दोष शोधा. ३ च्या वर बटण दाबून धरू नका. आधी डमी लोड मीटरला थेट, मग केबलच्या दूरच्या टोकाला, मग अँटेना, या क्रमाने एकेक पायरी पुढे जा. आकडा जिथे बिघडेल, दोष त्याच तुकड्यात आहे.

सगळं जुळल्यावर १४४, १४५ आणि १४६ चे तीन आकडे, पुढची आणि परतीची शक्ती, केबलची लांबी आणि तारीख एका कागदावर लिहून रेडिओच्या मागे चिकटवा. गच्चीवरचा जोड आधी आपोआप एकजीव होणाऱ्या रबरी टेपने आणि त्यावर साध्या विनाइल टेपने, खालून वर गुंडाळत बंद करा, म्हणजे थर कौलांसारखे एकमेकांवर येतील. केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून गळून जाईल.

पावसाळ्यानंतर तेच तीन आकडे पुन्हा घ्या. वाढले असतील तर जोड गंजला किंवा सैल झाला असण्याची शक्यता मोठी. पण काहीही न करता ते कमी झाले असतील, उदाहरणार्थ १.५ चे १.२, तर जास्त काळजी करा. जाळीत पाणी उतरलं की केबलचा ऱ्हास वाढतो, परतीची लाट वाटेतच विरते आणि मीटर सुधारल्यासारखा दिसतो. खात्रीसाठी वरचं टोक उघडं करून पुन्हा ऱ्हास मोजा. नव्या केबलपेक्षा एखादा डेसिबल जास्त निघाला तर वरच्या टोकापासून मीटरभर केबल कापा आणि आतली जाळी पाहा. ती काळी किंवा पांढरट भुकटी धरलेली असेल तर आणखी मागे कापा. स्वच्छ जाळी लागेपर्यंत कापत गेलात आणि केबल पुरेनाशी झाली, तर ती टाकून नवी ओढा. नवी केबल आरजी-६ च असेल तर पायरी ५ ची मोजणी पुन्हा करावी लागेल.